ऑफर लेटरच्या आठ ओळी

कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत मनुष्यबळ विभागाचं काम ज्यांनी केलंय, त्यांना एक प्रश्न वर्षभर ऐकू येतो. "सर, लेटर आलंय. उद्या राजीनामा टाकू काय?" विचारणारा शिरोलीच्या फाउंड्रीतला मेथड्‌सचा मुलगा असेल, गोकुळ शिरगावच्या मशीनशॉपमधला व्हीएमसी प्रोग्रॅमर असेल किंवा कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतला क्वालिटी इंजिनिअर. लेटर बहुतेक वेळा चाकण, रांजणगाव किंवा हिंजवडीहून आलेलं असतं. मी आधी ते लेटर मागून घेतो, कारण उत्तर त्याच्या ओळींतच असतं आणि ते एका शब्दात सांगता येत नाही.

इथे अशाच एका लेटरच्या आठ ओळी घेतो आणि एकेकीवर भाष्य करतो. लेटर नमुन्याचं आहे. अशी पत्रं इंग्रजीत येतात, त्यातल्या नेहमीच्या वाक्यांचा आशय मी मराठीत मांडला आहे. ज्याला ते आलं, तो कागलच्या पंचतारांकित वसाहतीतला क्वालिटी इंजिनिअर आहे असं समजू. सध्याच्या नोकरीत नोटीस पिरियड ६० दिवसांचा. नवी नोकरी चाकणला. लेटरवर तारीख २ मार्चची.

ओळ १. "विषय : ऑफर लेटर."

काही कंपन्या याच जागी 'लेटर ऑफ इंटेंट' लिहितात. तसं लिहिलेलं असेल तर कागद आणखी एक पायरी खाली आहे असं धरावं. कंपनीचा तुम्हाला घ्यायचा विचार आहे, एवढंच तो सांगतो. ऑफर लेटर हा करार कायद्याच्या भाषेत प्रस्ताव असतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे प्रस्ताव स्वीकारला गेला की करार होतो, आणि स्वीकृती रवाना होण्याआधी प्रस्ताव देणाऱ्याला तो मागे घेता येतो. नियुक्तीपत्र या पुढची गोष्ट. त्यात तुम्ही कर्मचारी झाला आहात असं धरून पद, वेतन, कामाचं ठिकाण, परिविक्षा, रजा, नोटीस, शिस्तीचे नियम हे सगळं लिहिलेलं असतं.

मात्र वरचं नाव पाहून निर्णय घेऊ नये. 'ऑफर लेटर' नावाचं एखादं पत्र सहा पानांचं, बिनशर्त आणि सगळ्या तपशिलांसह येतं. उलट 'अपॉइंटमेंट लेटर' असा मथळा असलेल्या पत्रात शेवटच्या पानावर चार अटी दडलेल्या सापडतात. कागदाचं वजन त्याच्या अटी ठरवतात.

ओळ २. "आमच्या कंपनीत सीनियर क्वालिटी इंजिनिअर या पदावर आपली निवड झाली आहे हे कळवताना आनंद होतो."

निवड वेगळी आणि नियुक्ती वेगळी, हे महाराष्ट्रातल्या स्पर्धा परीक्षांच्या मुलांना कोणी शिकवायला नको. राज्यसेवा २०१९ चा अंतिम निकाल जून २०२० मध्ये लागला आणि आयोगाने ४१३ उमेदवारांची शिफारस केली. मराठा आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये स्थगिती दिली आणि या सगळ्यांच्या नियुक्त्या लटकल्या. तहसीलदार, उपजिल्हाधिकारी म्हणून गावात ज्यांचे सत्कार झाले, ते नियुक्तीच्या आदेशाची वाट पाहत घरी बसले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच शंकरसन दाश खटल्यात सांगून ठेवलं होतं की निवड यादीत नाव आल्याने नियुक्तीचा पक्का हक्क उभा राहत नाही. सरकारने मनमानी करायची नाही, एवढंच बंधन त्याच्यावर राहतं.

सरकारी जागेला किमान ते बंधन तरी असतं. खाजगी कंपनीच्या 'निवड झाली आहे' या वाक्यामागे तेवढंही नसतं. ही ओळ वाचून पेढे वाटायला हरकत नाही, पण तिच्यावर राजीनामा देऊ नये.

ओळ ३. "आपला एकूण वार्षिक मोबदला ६,००,००० रुपये राहील. तपशील परिशिष्ट 'अ' मध्ये."

या ओळीवर मी थोडक्यात लिहितो, कारण हा हिशेब बाकीचे लोकही सांगतात. परिशिष्ट जोडलेलं नसेल तर ते येईपर्यंत थांबायचं. जोडलेलं असेल तर त्यातून हातात काय पडतं ते काढायचं. आपल्या नमुन्यात मूळ वेतन ३,००,००० आहे. कंपनीचा पीएफचा वाटा १५,००० च्या मर्यादेवर धरला तर वर्षाला २१,६००, ग्रॅच्युइटीची तरतूद १४,४३०, विम्याचा हप्ता ६,००० आणि 'कामगिरीनुसार' ६०,०००. हे सगळं सहा लाखांतून वजा केलं की उरतात ४,९७,९७०, म्हणजे महिन्याला साधारण ४१,५००. त्यातून स्वतःचा पीएफ आणि व्यवसाय कर गेला की हातात सुमारे ३९,५०० पडतील. कागलमधून घरी राहून मिळणारे २८,००० आणि चाकणला खोलीभाडं देऊन उरणारे ३९,५०० यांची तुलना राजीनाम्याच्या आधी व्हायला हवी. ती पहिल्या पगाराच्या स्लिपवर झाली तर उपयोग नाही.

ओळ ४. "ही ऑफर पुढील बाबींच्या समाधानकारक पूर्ततेवर अवलंबून आहे : वैद्यकीय पात्रता, पार्श्वभूमी पडताळणी, आणि सध्याच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर."

अख्ख्या पत्राचा जीव या ओळीत आहे. करार कायद्याचं ३१ वं आणि ३२ वं कलम सशर्त कराराबद्दल आहे. ज्या घटनेवर करार टांगलेला आहे ती घडेपर्यंत तो अमलात आणता येत नाही. म्हणजे तुम्ही ऑफर स्वीकारलीत तरी या तीन गोष्टी पूर्ण होईपर्यंत कंपनीवर तुम्हाला घेण्याचं बंधन येत नाही. 'समाधानकारक' कोणाच्या दृष्टीने, तर कंपनीच्या.

या तीन अटी एका ओळीत बसवल्या असल्या तरी त्या एका जातीच्या नाहीत. पहिल्या दोन अटींचा निकाल दुसऱ्याच्या हातात आहे आणि त्या तुम्ही सध्याच्या नोकरीत असतानाच पुऱ्या होऊ शकतात. तिसरी अट राजीनाम्याशिवाय पुरी होऊच शकत नाही, आणि ती बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. राजीनामा कधी द्यायचा याचं माझं उत्तर या फरकावर उभं आहे. दुसऱ्याच्या हातातल्या अटी लेखी मिटेपर्यंत थांबायचं, आणि फक्त आपल्या हातातली अट उरली की राजीनामा द्यायचा. सगळ्याच अटी मिटायची वाट पाहणारा कायमचा अडकतो, आणि एकही न मिटता राजीनामा देणारा रस्त्यावर येऊ शकतो.

वैद्यकीय तपासणी औपचारिक समजली जाते. फाउंड्रीतून आलेल्या माणसाने ती तशी समजू नये. फेटलिंगच्या शेडमध्ये किंवा शेकआउटजवळ सहा-सात वर्षं काढली असतील तर श्रवणचाचणीत उच्च वारंवारतेचे आवाज कमी ऐकू येतात असं निघू शकतं, आणि ते त्या माणसाला स्वतःला जाणवलेलंही नसतं. वाळूच्या धुळीत काम केलेलं असेल तर छातीचा एक्स-रे बारकाईने पाहिला जातो. इलेक्ट्रिकल मेंटेनन्सच्या पदाला रंगांधळेपणाची चाचणी असते. काही कंपन्या ही तपासणी रुजू होण्याच्या दिवशी ठेवतात. तिथे विनंती करावी : "तपासणी आधी करून घ्यायला मी चाकणला एक दिवस येतो, नाहीतर कोल्हापुरात तुम्ही सांगाल त्या लॅबमध्ये करतो." बहुतेक ठिकाणी हे मान्य होतं. एका रजेच्या बदल्यात मोठा धोका टळतो.

पार्श्वभूमी पडताळणी ही त्याहून अवघड, आणि आपल्या भागातली मुलं तिच्यात एका ठराविक जागी अडकतात. आपल्याकडच्या कारखान्यांत अनेक जण पहिली दोन-तीन वर्षं ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतात. काम मोठ्या कंपनीच्या शेडमध्ये, ओळखपत्रावर तिचंच नाव, पण पीएफ ठेकेदाराच्या आस्थापनेच्या खात्यात. बायोडाटात मुलगा कंपनीचं नाव लिहितो. त्याच्या दृष्टीने ते खोटं नसतं, कारण तो रोज त्याच गेटमधून आत जात होता. पडताळणी करणारी संस्था मात्र यूएएनवरची सेवेची नोंद पाहते. तिथे ठेकेदाराचं नाव दिसतं, कंपनीचं दिसत नाही. कंपनीत विचारणा गेली तर 'असा कर्मचारी आमच्या नोंदीत नाही' असं उत्तर येतं, आणि तेही खरंच असतं. अहवालावर लाल खूण पडते. चुकीची माहिती दिली, असा तिचा अर्थ लावला जातो.

उपाय सोपा आहे, पण तो आधी करायचा असतो. पडताळणीचा फॉर्म भरण्यापूर्वी पीएफच्या संकेतस्थळावरून आपली सेवेची नोंद काढून समोर ठेवायची. प्रत्येक आस्थापनेचं नाव, रुजू तारीख आणि सोडल्याची तारीख फॉर्मवर तशीच उतरवायची. जिथे ठेकेदार होता तिथे 'अमुक ठेकेदारामार्फत, अमुक कंपनीच्या जागेवर' असं स्पष्ट लिहायचं. आधीच्या मालकाने सोडल्याची तारीख भरलीच नसेल तर दोन नोकऱ्या एकाच वेळी चालू असल्यासारखं दिसतं. तेही दुरुस्त करून घ्यायचं, निदान पत्रात नमूद करायचं. शिवाजी विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवरचं नाव, आधारवरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळतंय का, हे एकदा पाहायचं. वडिलांचं नाव मधे आहे की नाही, एवढ्यावरून आठ-दहा दिवस जातात.

याच फॉर्मवर एक प्रश्न असतो : सध्याच्या कंपनीत चौकशी केली तर चालेल का? राजीनाम्याआधी तिथे 'आत्ता नको' असंच लिहावं. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल इथले एचआरवाले एकमेकांना नावाने ओळखतात. एक ई-मेल गेला की संध्याकाळच्या आत सुपरवायझरला खबर लागते. मग ऑफर पक्की नसते आणि इथेही आपल्याकडे बघायची नजर बदललेली असते. सध्याच्या कंपनीची पडताळणी रुजू झाल्यावर करण्याची पद्धत आहे, कंपन्यांना त्यात नवल वाटत नाही.

ओळ ५. "आपण ४ मे रोजी किंवा त्यापूर्वी रुजू व्हावं, अन्यथा ही ऑफर आपोआप रद्द समजली जाईल. स्वीकृती ९ मार्चपर्यंत कळवावी."

या ओळीत दोन तारखा आहेत आणि घाई त्यांच्यातूनच जन्मते. मुलगा हिशेब करतो : २ मार्चला पत्र आलं, ६० दिवसांची नोटीस, म्हणजे ४ मे गाठायचा तर आजच राजीनामा दिला पाहिजे. कंपनीनेही तारीख तशीच काढलेली असते, पत्राच्या दिवसापासून. पण नोटीस मोजली जाते राजीनाम्याच्या दिवसापासून.

आपल्या नमुन्यात तारखा मांडून पाहू. ९ मार्चच्या आत स्वीकृती दिली. १३ मार्चला वैद्यकीय तपासणी झाली. १७ मार्चला पडताळणीचा अहवाल स्वच्छ आल्याचा ई-मेल आला. १८ मार्चला राजीनामा दिला. तो दिवस धरून ६० दिवस १६ मे रोजी भरतात. म्हणजे ४ मे गाठायचा तर १३ दिवस कमी पडतात.

या तेरा दिवसांचे दोनच मार्ग आहेत. एक, सध्याच्या कंपनीला तेवढ्या दिवसांचं वेतन भरून लवकर सुटायचं. त्यासाठी आपलं आत्ताचं नियुक्तीपत्र काढून पाहावं लागतं. नोटिशीच्या बदल्यात पैसे घेणं कंपनीवर बंधनकारक आहे की तिच्या मर्जीवर, आणि रक्कम मूळ वेतनावर मोजायची की एकूण पगारावर, हे तिथे लिहिलेलं असतं. कित्येकांनी ते पत्र रुजू झाल्यापासून उघडलेलं नसतं. दुसरा मार्ग, नव्या कंपनीकडून १८ मे ही तारीख लेखी घ्यायची. मला दुसरा मार्ग पसंत आहे. मात्र त्याची वेळ स्वीकृतीच्या आधीची, म्हणजे ९ मार्चच्या आतली. मागणी अशी करावी की रुजू तारीख पत्राच्या दिवसापासून न धरता पडताळणी पूर्ण झाल्याच्या दिवसापासून ६० दिवसांनी धरावी.

एक बारीक गोष्ट. काही जण ऑफरच्या प्रतीवरच '४ मे' खोडून '१८ मे' लिहितात आणि सही करतात. करार कायद्याच्या ७ व्या कलमाप्रमाणे स्वीकृती पूर्ण आणि बिनशर्त असावी लागते. फेरफार केलेली स्वीकृती ही स्वीकृतीच नव्हे, तो तुमच्याकडून गेलेला नवा प्रस्ताव झाला. कंपनीने त्यावर काहीच उत्तर दिलं नाही तर करार झालेलाच नाही. म्हणून आधी सुधारित पत्र मागवायचं आणि मग त्यावर काहीही न खोडता सही करायची.

ओळ ६. "व्यवसायाच्या गरजेनुसार रुजू होण्याची तारीख बदलण्याचा किंवा ही ऑफर मागे घेण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवत आहे."

ही ओळ नुसती छापील असते, कोणी वापरत नाही, असं समजण्याची पद्धत होती. जुलै २०२५ मध्ये पुण्याच्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली. टीसीएसने अनुभवी म्हणून निवडलेल्या सहाशेहून अधिक लोकांची रुजू तारीख पुढे ढकलली गेली, असं त्या तक्रारीत म्हटलं होतं. त्यांच्या हातात ऑफर लेटर होतं, तारीख ठरलेली होती आणि त्या भरवशावर त्यांनी आधीच्या नोकऱ्या सोडल्या होत्या. पुण्यातले लोकही त्यात होते. कंपनीचं म्हणणं असं की दिलेल्या सगळ्या ऑफर आम्ही पाळू, पण रुजू तारीख व्यवसायाच्या मागणीप्रमाणे ठरते. कंपनी देशातली सर्वांत मोठी आयटी कंपनी आहे, कागद अस्सल होते, आणि तरीही मधल्या महिन्यांचा घराचा हप्ता कोणी भरायचा हा प्रश्न त्या लोकांपुढे उभा राहिला.

कोर्टात गेलो तर काय मिळतं, हे मला नेहमी विचारलं जातं. बिनशर्त स्वीकारलेली ऑफर कंपनीने मोडली तर करार कायद्याच्या ७३ व्या कलमाखाली नुकसानभरपाई मागता येते. पण 'आम्हाला घ्याच' असा हुकूम दिवाणी न्यायालय सहसा देत नाही, कारण व्यक्तिगत सेवेचा करार जबरदस्तीने अमलात आणला जात नाही. भरपाईची रक्कमही छोटी निघते. रुजू झाल्यावर परिविक्षेत एक महिन्याच्या नोटिशीने काढता येत होतं, मग तुमचं नुकसान एका महिन्याच्या पगाराचं, असा युक्तिवाद कंपनी करते आणि तो खोडणं सोपं नसतं. आपल्या इंजिनिअरच्या बाबतीत तो आकडा चाळीस हजारांच्या आसपास येतो. त्यासाठी पुण्याच्या न्यायालयात किती वर्षं घालवायची? सुटलेली नोकरी कोर्ट परत आणून देत नाही, म्हणून सगळी काळजी राजीनाम्याच्या अलीकडे घ्यायची.

ही ओळ पत्रातून काढून टाकायला मोठी कंपनी तयार होणार नाही, तसा हट्टही धरू नये. एक प्रश्न मात्र लेखी विचारता येतो : "हे पद सध्या मंजूर आहे का, आणि १८ मे ही तारीख पक्की धरून मी राजीनामा देऊ का?" 'होय, द्या' असं उत्तर कंपनीच्या अधिकृत ई-मेलवरून आलं तर त्यात तुम्ही त्यांच्या शब्दावर विसंबून नोकरी सोडलीत याचा पुरावा तयार होतो. उत्तर फोनवरच आलं आणि लिहून मागितल्यावर टाळाटाळ झाली, तर त्या टाळाटाळीतच तुमचं उत्तर आहे. थांबायचं.

ओळ ७. "सविस्तर नियुक्तीपत्र रुजू झाल्यानंतर देण्यात येईल."

'नियुक्तीपत्र हातात पडल्याशिवाय राजीनामा देऊ नका' हा सल्ला वडीलधारी मंडळी देतात. त्यांच्या काळात आणि सरकारी नोकरीत तो बरोबर होता, कारण आदेश आधी निघायचा आणि माणूस नंतर हजर व्हायचा. आजच्या खाजगी कंपनीत ही सातवी ओळ तो सल्ला अशक्य करते. ज्या पत्राची वाट पाहायची ते रुजू झाल्यावरच मिळणार, आणि रुजू होण्यासाठी आधी राजीनामा द्यायला हवा.

कायद्याचीही इथे मदत होत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यासंबंधीच्या संहितेच्या ६ व्या कलमाने प्रत्येक कर्मचाऱ्याला नियुक्तीपत्र देणं मालकावर बंधनकारक केलं. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना ती लागू आहे. कित्येक वर्षं हजेरीकार्डावर काम करणाऱ्या उद्यमनगरातल्या आणि शिरोलीतल्या माणसांसाठी ही मोठी गोष्ट आहे, आणि मी ती मनापासून मोलाची मानतो. पण पत्र द्यायचं ते नियुक्तीच्या वेळी. नियुक्तीआधी ते मागण्याचा हक्क या कलमातून मिळत नाही.

मग वाट कशाची पाहायची? नियुक्तीपत्राचा मसुदा मागायचा. एचआरला लिहायचं, "रुजू झाल्यावर मिळणाऱ्या पत्राचा नमुना आधी पाहायला मिळाला तर बरं होईल." मसुदा मिळाला तर चार जागा पाहायच्या. परिविक्षा किती महिन्यांची आणि ती वाढवता येते का. परिविक्षेत नोटीस दोन्ही बाजूंना सारखी आहे का. बदली कुठेही करता येईल असं लिहिलंय का, कारण मुलगा चाकण समजून निघतो आणि सहा महिन्यांनी त्याला दुसऱ्या राज्यातल्या प्रकल्पावर पाठवतात. आणि ठराविक काळाआधी नोकरी सोडली तर रक्कम भरून द्यायचा बाँड आहे का. मसुदा देत नसतील तर या चार प्रश्नांची उत्तरं ई-मेलवर मागायची. ते एक पानभर उत्तर आणि आधीचं ऑफर लेटर मिळून नियुक्तीपत्राचं बरंचसं काम करतात.

ओळ ८. "मान्य असल्यास या पत्राच्या प्रतीवर सही करून ती परत पाठवावी."

स्वीकृती आणि राजीनामा या दोन गोष्टी एकाच दिवशी करायच्या असतात असा समज आहे. तसं काही नाही. स्वीकृती लवकर द्यावी, कारण ती रवाना होईपर्यंत कंपनीला प्रस्ताव मागे घेता येतो. '९ मार्चपर्यंत वैध' असं लिहिलं म्हणून तोवर ऑफर राखून ठेवायलाच ती बांधलेली आहे, असं नाही. सुधारित पत्र आलं की त्याच दिवशी सही करून पाठवावं आणि पोच मागवावी. राजीनामा मात्र चौथ्या ओळीतल्या पहिल्या दोन अटी मिटल्याचा आणि सहाव्या ओळीतल्या प्रश्नाचं उत्तर असलेला ई-मेल येईपर्यंत खिशातच ठेवावा. आपल्या नमुन्यात हे अंतर नऊ-दहा दिवसांचं आहे. अनेक मुलांना तेवढी कळ निघत नाही. नव्या कंपनीचा एचआर रोज फोन करून "राजीनाम्याची प्रत पाठवा" म्हणतो, आणि नाही म्हणायचा संकोच वाटतो. "पडताळणी पूर्ण झाल्याचा मेल आला की त्याच दिवशी पाठवतो" हे उत्तर सभ्य आहे आणि कोणत्याही एचआरला ते समजतं, कारण स्वतः नोकरी बदलताना तोही हेच करतो.

राजीनाम्यात 'शेवटचा दिवस १६ मे' असं तारखेसह लिहावं. 'तात्काळ कार्यमुक्त करावं' असं लिहू नये. याचं कारण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत आहे. पुढच्या तारखेला लागू होणारा राजीनामा ती तारीख येण्यापूर्वी मागे घेता येतो, हे तत्त्व १९७८ मध्ये गोपालचंद्र मिश्र खटल्यात पक्कं झालं. आपल्या कोकण रेल्वेतल्या एका कर्मचाऱ्याने डिसेंबर २०१३ मध्ये राजीनामा दिला आणि मे २०१४ मध्ये तो मागे घेतला. प्रशासनाचं म्हणणं होतं की राजीनामा त्याआधीच मंजूर झाला होता. पण ती मंजुरी कार्यालयातल्या कार्यालयात राहिली, त्याला कळवलेलीच नव्हती. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि त्याला कामावर परत घ्यायला सांगितलं. अर्थात ही सार्वजनिक संस्था होती. खाजगी कारखान्यात तुमच्या पत्रातल्या अटी आणि स्थायी आदेश पाहावे लागतात, आणि मंजुरीचं पत्र हातात पडलं की दार जवळजवळ बंद होतं. तरी नवी ऑफर नोटिशीच्या काळातच फसली आणि मंजुरीचं पत्र अजून आलेलं नसेल, तर एकही दिवस न घालवता राजीनामा मागे घेत असल्याचं लेखी द्यावं आणि पोच घ्यावी. तोंडी सांगून चालत नाही.

आता तिसरी अट उरते, रिलीव्हिंग लेटरची. ते शेवटच्या दिवशी मिळेलच असं नाही. पगाराचा हिशेब राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करावा असं वेतन संहितेचं १७ वं कलम सांगतं, पण रिलीव्हिंग लेटरला असं घड्याळ नाही. त्यामुळे नव्या कंपनीकडून आधीच लिहून घ्यावं की रुजू होताना राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र चालेल आणि रिलीव्हिंग लेटर तीस दिवसांत दिलं तरी चालेल. १८ मे रोजी चाकणच्या गेटवर जाताना फाइलमध्ये सही केलेली ऑफर, सुधारित तारखेचं पत्र, 'राजीनामा द्या' असं सांगणारा ई-मेल, मंजुरीचं पत्र आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगार स्लिपा असाव्यात. संध्याकाळी नियुक्तीपत्र हातात आलं की ते ऑफरशेजारी ठेवून ओळीला ओळ लावून वाचावं. पद, मूळ वेतन, ठिकाण, नोटीस यांपैकी काही वेगळं निघालं तर सही करण्याआधी त्याच टेबलावर विचारावं.